पॅराबोलिक एसएआर: तेजीत साथ, आडव्या बाजारात घात

पॅराबोलिक एसएआर हे शेअर बाजारातल्या चार्टवर ठिपक्यांच्या रूपात दिसणारे साधन आहे. भाव चढत असताना ठिपके भावाच्या खाली असतात आणि उतरत असताना वर. अमेरिकेतील वेल्स वाइल्डर यांनी ते १९७८ साली आपल्या पुस्तकात मांडले. आरएसआय आणि एडीएक्स ही आज घरोघरी माहीत झालेली साधनेही त्याच पुस्तकातली. एसएआर म्हणजे स्टॉप अँड रिव्हर्स: इथे थांबा आणि उलट बाजूला वळा. ठिपक्याला भाव शिकला की चालू सौदा बंद करायचा आणि त्याच क्षणी विरुद्ध सौदा घ्यायचा, हा मूळ नियम. त्यामुळे या पद्धतीने व्यवहार करणारा माणूस कधीही बाजाराबाहेर नसतो. तो एकतर खरेदीत असतो, नाहीतर विक्रीत.

प्रत्येक ठिपका हा दुसऱ्या दिवसाचा स्टॉपलॉस असतो आणि तो आदल्या दिवशीच ठरलेला असतो. त्याचे गणित सोपे आहे. खरेदीच्या सौद्यात आतापर्यंतचा सर्वांत वरचा भाव घ्यायचा, त्यातून आजचा ठिपका वजा करायचा, उरलेल्या अंतराचा ठरावीक हिस्सा आजच्या ठिपक्यात मिळवायचा, की उद्याचा ठिपका मिळाला. हा हिस्सा सुरुवातीला ०.०२, म्हणजे दोन टक्के असतो. भावाने नवा उच्चांक केला की तो आणखी ०.०२ ने वाढतो आणि ०.२० ला पोचला की तिथेच थांबतो. विक्रीच्या सौद्यात हेच सगळे उलटे, उच्चांकाऐवजी नीचांक धरून. शिवाय एक बंधन असते. खरेदीत ठिपका मागच्या दोन दिवसांच्या नीचांकांच्या वर नेता येत नाही आणि विक्रीत मागच्या दोन दिवसांच्या उच्चांकांच्या खाली आणता येत नाही.

सौदा उलटला की नवा पहिला ठिपका कुठे पडतो, हे पुढच्या साऱ्या विवेचनाचे मूळ आहे. तो आधीच्या सौद्यातल्या टोकावर पडतो. खरेदीचा सौदा ५२० चा उच्चांक करून मग उलटला असेल, तर विक्रीच्या सौद्याचा पहिला ठिपका ५२० वर असतो, आणि हिस्सा पुन्हा ०.०२ पासून सुरू होतो.

आधी हे साधन चांगले चालते ते उदाहरण पाहू. एक काल्पनिक शेअर ५०० ला घेतला आणि पहिला ठिपका ४८० वर आहे. त्या दिवशीचा उच्चांक ५०४. त्यानंतर शेअर रोज सहा रुपयांनी नवा उच्चांक करत दहाव्या दिवशी ५५८ ला पोचतो. सुरुवातीला ठिपके जवळजवळ जागचे हलत नाहीत. दुसऱ्या दिवशी ४८०.४८, तिसऱ्या दिवशी ४८१.६६. सौद्याला श्वास घ्यायला जागा मिळते ती इथेच. पुढे हिस्सा वाढत जातो, ठिपक्यांची चाल वेग घेते, आणि अकराव्या दिवशी ठिपका ५२५ वर येतो. चार्टवर ही वळत जाणारी रेघ पॅराबोलासारखी दिसते, त्यावरूनच नाव पडले.

आता तेजी थकते. भाव ५५० ते ५५८ च्या दरम्यान चार दिवस घुटमळतो, नवा उच्चांक होत नाही. तरीही ठिपका थांबत नाही. हिस्सा ०.२० झालेला असल्याने उरलेल्या अंतराचा पाचवा भाग तो रोज कापत जातो: ५३१.७१, ५३६.९७, ५४१.१८ आणि पंधराव्या दिवशी ५४४.५४. साध्या ट्रेलिंग स्टॉपलॉसहून एसएआर वेगळा आहे तो इथे. ठरावीक रुपये किंवा टक्के मागे ठेवलेला स्टॉपलॉस भाव थांबला की थांबतो, एसएआरचा ठिपका मात्र नुसत्या दिवस उलटण्यानेही जवळ येतो. वाइल्डर यांच्या कल्पनेतली सर्वांत मोलाची गोष्ट बहुधा हीच म्हणावी लागेल. पंधराव्या दिवशी भाव कोसळतो, ५४४.५० च्या आसपास सौदा सुटतो आणि शेअरमागे साडेचव्वेचाळीस रुपये हाती येतात.

या नफ्याचा हिशेब दुसऱ्या तऱ्हेने मांडला की दुखणे कुठे आहे ते कळते. ४८० च्या तळापासून ५५८ च्या शिखरापर्यंतची पूर्ण चाल ७८ रुपयांची. त्यातले पहिले २० रुपये आत शिरायला उशीर झाल्यामुळे गेले आणि शेवटचे साडेतेरा बाहेर पडायला उशीर झाल्यामुळे. दोन्ही टोकांचा उशीर साडेतेहतीस रुपयांचा, आणि उरले ते साडेचव्वेचाळीस. एसएआरच्या प्रत्येक सौद्याचा जमाखर्च असाच असतो: पूर्ण चालीतून दोन टोकांचा उशीर वजा. चाल मोठी असेल तर उशीर परवडतो.

आडव्या बाजारात चाल मोठी नसते. तोच शेअर आता ४८० ते ५२० या पट्ट्यात अडकला आहे असे धरू. रोज पाच रुपयांनी चढतो, ५२० ला पोचला की रोज पाच रुपयांनी उतरतो, ४८० ला टेकला की पुन्हा वर. हिशेब सोपा राहावा म्हणून दिवसाला एकच भाव धरला आहे.

समजा भाव ५२० वरून उतरत आला आणि ४९६ च्या जवळ खरेदीचा ठिपका तुटला. खरेदी संपली, विक्री सुरू झाली. नवा ठिपका ५२० वर गेला, हिस्सा ०.०२. त्या दिवशी भाव ४९५ वर थांबतो, मग ४९०, ४८५, ४८०. ठिपका मात्र ५१९.५०, ५१८.३२, ५१६.३२ असा रेंगाळत येतो. ४८० ला विक्रीवाल्याला कागदावर सोळा रुपयांचा नफा दिसतो, पण स्टॉपलॉस अजून छत्तीस रुपये वर आहे आणि हिस्सा जेमतेम ०.०८ झाला आहे. तेजीच्या उदाहरणात दहा दिवसांत मिळालेला वेग इथे मिळायला वेळच नाही, कारण चौथ्या दिवशी पट्टा संपला. भाव वळतो: ४८५, ४९०, ४९५, ५००. ठिपका खाली येतोच आहे, ५१३, ५११, ५०८, ५०६, आणि पुढच्या दिवशी भाव ५०५ कडे जाताना ५०४ च्या जवळ दोघांची गाठ पडते. ४९६ ला विकलेले ५०४ ला परत घ्यावे लागते. आठ रुपये गेले.

त्याच क्षणी नियमाप्रमाणे ५०४ ला नवी खरेदी होते आणि तिचा पहिला ठिपका पडतो ४८० वर. पुढचे आठ दिवस याच चित्राचे आरशातले रूप असते. भाव ५२० ला जातो, खरेदीवाल्याला सोळा रुपये दिसतात, मग भाव वळतो आणि ४९६ ला सौदा तुटतो. आणखी आठ रुपये गेले. आठ दिवसांना एक सौदा, प्रत्येक सौद्यात आठ रुपये तोटा. चाळीस दिवसांत पाच सौदे, चाळीस रुपये. म्हणजे तेजीतल्या एका चांगल्या सौद्याची बहुतेक कमाई आडव्या बाजाराच्या दोन महिन्यांत संपते, आणि शेअर मात्र होता तिथेच असतो.

जमाखर्च तोच लावला की कारण उघडे पडते. पट्टा ४० रुपयांचा. तळापासून २४ रुपये चढल्यावर खरेदी होते, शिखरापासून २४ रुपये उतरल्यावर ती सुटते. उशीर ४८ रुपयांचा आणि चाल ४० ची, म्हणून प्रत्येक वेळी आठ रुपये उणे. हा तोटा दुर्दैवाचा नसून रचनेचा आहे. नवा ठिपका नेहमी पट्ट्याच्या पलीकडच्या टोकावर पडतो आणि भावापर्यंत पोचायला त्याला जे दिवस लागतात ते पट्टा देत नाही. दिशा दर वेळी बरोबर असते, सोळा रुपये दर वेळी दिसतात, आणि तरीही दर वेळी तोटाच होतो. नवख्या माणसाचा धीर खचतो तो यामुळेच.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे आकडे बदलणे. वाढीचा टप्पा ०.०२ ऐवजी ०.०४ केला, तर याच लाटेवर ५०५ ला विक्री आणि ४९५ ला खरेदी होते आणि आठ रुपयांच्या तोट्याऐवजी दहा रुपयांचा नफा दिसतो. आकडा मोहात पाडणारा आहे, आणि सावध राहायची जागाही हीच. ही लाट कागदावर आखलेली आहे. खऱ्या शेअरचा भाव एका दिवसातच दहा-पंधरा रुपये वरखाली होतो, आणि जवळ आणलेला ठिपका त्या रोजच्या हेलकाव्यातच तुटतो. तेजीत मधल्या साध्या घसरणीतही सौदा सुटतो आणि साडेचव्वेचाळीस रुपये देणारी चाल हातातून जाते. मागच्या भावांवर आकडे जुळवून घेतले की ते मागच्याच भावांसाठी चांगले ठरतात.

दुसरा उपाय अधिक भरवशाचा: ठिपक्याचा उपयोग फक्त बाहेर पडण्यासाठी करायचा, उलट सौदा घ्यायचाच नाही. आपल्याकडे सामान्य गुंतवणूकदाराला रोखीच्या बाजारात शेअर विकून दुसऱ्या दिवसापर्यंत शॉर्ट राहता येत नाही. त्यासाठी फ्युचर्समध्ये जावे लागते. त्यामुळे डिलिव्हरी घेणाऱ्यांच्या हाती हे साधन मुळातच निम्मे वापरले जाते. आडव्या पट्ट्यात तेवढ्याने गळती निम्मी होते, थांबत नाही. प्रत्येक ठिपका उलटताच जो पुन्हा खरेदी करतो तो ५०४ ला घेऊन ४९६ ला विकतच राहतो, आणि खरेदी-विक्री दोन्हींवर ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे फेरीमागे आणखी रुपयाभर, वेगळा भरतो. खरेदीचे कारण ठिपक्याबाहेरचे असेल, तरच हा वापर सार्थ ठरतो.

तिसरा मार्ग वाइल्डर यांच्याच पुस्तकात आहे. एडीएक्स हे साधन भावाची दिशा सांगत नाही, चालीत जोर किती आहे ते सांगते. तो २० च्या खाली असेल तर बाजार आडवा आणि २५ च्या वर गेला तर चाल जोरात, असे सर्वसाधारणपणे मानतात. एडीएक्स खाली असताना ठिपक्यांवर नवा सौदा न घेणे हा गळती रोखण्याचा सर्वांत सरळ नियम. त्याची किंमतही आहे. एडीएक्स चौदा दिवसांच्या सरासऱ्यांवर उभा असल्याने स्वतःच उशिरा जागा होतो, आणि नव्या तेजीचे पहिले काही दिवस हुकतात.

बाजार आडवा झाल्याची खूण ठिपक्यांतही दिसते, फक्त ती सौद्यांच्या वहीत शोधावी लागते. सलग तीन सौद्यांत पहिला ठिपका आलटून पालटून त्याच दोन भावांजवळ पडला, वाढीचा हिस्सा ०.१० च्या पुढे गेलाच नाही, आणि दर खरेदी तिच्या आधीच्या विक्रीपेक्षा महाग पडली, तर तो शेअर पट्ट्यात शिरलेला असतो. अशा वेळी भाव पट्ट्याबाहेर बंद होईपर्यंत ठिपक्यांवर नवा सौदा घेऊ नये.