५० गेले, त्यांच्या जागी ६० का आले?

बायनरी सर्च ट्री चालते एकाच नियमावर. कुठल्याही नोडपाशी उभे राहिलात तर त्याच्या डावीकडच्या सगळ्या फांद्यांवर त्याहून लहान आकडे असतात आणि उजवीकडच्या सगळ्या फांद्यांवर मोठे. शोधणाऱ्याचे काम त्यामुळे सोपे होते. हवा तो आकडा लहान असेल तर डावीकडे वळायचे, मोठा असेल तर उजवीकडे. नवा आकडा घालायचा तरी हेच करायचे. वळता वळता जिथे रिकामी जागा सापडेल तिथे तो लावायचा. काढून टाकणे मात्र एवढे सरळ नाही.

एखाद्या पतसंस्थेचे खाते क्रमांक असे ठेवले आहेत असे समजू. प्रत्येक नोडमध्ये क्रमांक आणि खातेदाराचे नाव आहे.

```
          50
        /    \
      30      70
     /  \    /  \
   20   40  60   80
          \   \
          45   65
```

६५ क्रमांकाचे खाते बंद झाले तर काहीच अडचण नाही. त्याच्याखाली कोणी नाही, त्यामुळे ६० पासून त्याच्याकडे जाणारा दुवा तोडला की झाले. ४० काढायचे असेल तर त्याच्याखाली एकटे ४५ आहे. ते उचलून थेट ३० ला जोडायचे. पण ५० काढायचे ठरले, की पेच पडतो. त्याला दोन मुले आहेत आणि वरचा दुवा एकच. तोही इथे नाही, कारण ५० हेच झाडाचे मूळ आहे. ३० ला वर आणले तर त्याचे उजवे मूल ४० कुठे जाईल? ७० ला आणले तर ६० चे काय?

म्हणून प्रश्न जरा उलटा करून विचारायचा. ५० च्या जागी कोणता आकडा बसला तर नियम मोडणार नाही? तो डावीकडच्या सगळ्यांपेक्षा, म्हणजे ४५ पेक्षाही, मोठा हवा आणि उजवीकडे उरणाऱ्या सगळ्यांपेक्षा लहान हवा. झाडातले सगळे आकडे चढत्या क्रमाने वाचून पाहू: २०, ३०, ४०, ४५, ५०, ६०, ६५, ७०, ८०. असे वाचण्याला इनऑर्डर म्हणतात. या रांगेत ५० चे शेजारी दोनच, ४५ आणि ६०. दोघांपैकी कोणीही चालेल. पुस्तकांत बहुधा पुढचा शेजारी घेतात, तोच इनऑर्डर सक्सेसर. तो शोधायला अख्खी रांग वाचावी लागत नाही. एकदा उजवीकडे वळायचे आणि मग डावीकडे जाता येईल तितके जात राहायचे. ५० वरून ७०, तिथून ६०. ६० च्या डावीकडे कोणी नाही, तेव्हा थांबायचे.

या युक्तीची खरी गंमत त्या थांबण्यात आहे. सक्सेसरला डावे मूल कधीच नसते. असते, तर ते ५० पेक्षा मोठे आणि ६० पेक्षा लहान ठरले असते आणि सक्सेसरचा मान त्यालाच मिळाला असता. याचा अर्थ ६० ला फार तर एक मूल असणार, तेही उजवे, आणि एक मूल असलेला नोड काढणे आपल्याला येतेच. ६० चा क्रमांक आणि नाव ५० च्या चौकटीत लिहायचे, मग खालचा जुना ६० काढून त्याचे मूल ६५ हे ७० च्या डावीकडे जोडायचे. अवघड काम दोन पायऱ्या खाली सरकून सोपे झाले.

आता याच झाडातून ३० काढू. त्यालाही दोन मुले आहेत, २० आणि ४०. एकदा उजवीकडे गेलो की ४० लागते आणि त्याला डावे मूल नाही. म्हणजे सक्सेसर हे ३० चे स्वतःचेच उजवे मूल निघाले. नवशिक्यांचा प्रोग्राम हमखास इथे घसरतो. पायथनमध्ये हा भाग असा लिहिता येतो:

```python
p, s = node, node.right
while s.left is not None:
    p, s = s, s.left
node.key, node.name = s.key, s.name
if p is node:
    p.right = s.right
else:
    p.left = s.right
```

इथे `s` हा सक्सेसर आणि `p` त्याचा पालक. ५० काढताना `p` म्हणजे ७० होते आणि ६० त्याच्या डावीकडे होते. ३० च्या वेळी `while` एकदाही फिरत नाही, `p` म्हणजे `node` स्वतःच राहतो आणि सक्सेसर त्याच्या उजवीकडे असतो. तो `if` विसरून दर वेळी `p.left` लिहिले, तर ४५ हे २० च्या जागेवर जाऊन बसते, २० क्रमांकाचे खाते नाहीसे होते आणि ४० दोनदा राहते. प्रोग्राम मात्र तक्रार न करता चालत राहतो. चूक पकडायची असेल तर काढल्यानंतर इनऑर्डर छापून पाहावे. २०, ४०, ४५, ६० अशी सुरुवात हवी होती, तिथे ४५, ४०, ४०, ४५, ६० असे दिसेल. रांग चढती नसेल किंवा एकापेक्षा जास्त आकडे कमी झाले असतील, तर दोष इथेच शोधावा.

ही रीत टॉमस हिबर्ड यांनी १९६२ मध्ये मांडली. आकडे कुठल्याही क्रमाने येऊन तयार झालेल्या झाडातून एखादा आकडा असा काढला, तरी उरलेल्या झाडाचा सरासरी घाट बिघडत नाही, हे त्यांनी सिद्ध केले होते. मग काढणे आणि घालणे आलटून पालटून चालले तरी बिघडणार नाही, असे बरीच वर्षे गृहीत धरले गेले. १९७५ मध्ये गॅरी नॉट यांनी दाखवले, की ते गृहीतक चूक आहे. तरीही त्यांच्या प्रयोगांत झाड उलट थोडे सुधारतानाच दिसत होते. १९८३ मध्ये जेफ्री एपिंजर यांनी प्रयोग बराच लांबवला, तेव्हा सुरुवातीच्या सुधारणेनंतर झाड बिघडत गेले. कारण साधे आहे. आपण दर वेळी उजवीकडूनच वारस आणतो, त्यामुळे उजवी बाजू विरळ होत जाते आणि डावी वाढते. कधी मागचा शेजारी, कधी पुढचा असे केले तेव्हा हा कल एपिंजर यांना दिसला नाही. हे नुकसान दिसायला नोडच्या संख्येच्या वर्गाइतक्या उलाढाली लागतात, म्हणजे हजार नोडच्या झाडात सुमारे दहा लाख. वर्गातल्या उदाहरणात ते दिसणे शक्यच नाही.

रोजच्या वापरातल्या लायब्रऱ्यांत हा प्रश्न उरत नाही, कारण त्या रेड-ब्लॅकसारखी स्वतःचा तोल सांभाळणारी झाडे वापरतात. सक्सेसरची युक्ती मात्र तिथेही जशीच्या तशी आहे. तोल सावरण्याचे काम त्यानंतर होते. फरक पडतो तो दुसऱ्याच एका बाबतीत. जावाच्या `TreeMap` मध्ये सक्सेसरमधली माहिती वरच्या नोडमध्ये लिहितात, आपण वर केले तसेच. सी++ च्या `std::map` ला ते परवडत नाही. काढलेला घटक सोडून बाकी सगळ्यांकडे बोट दाखवणारे इटरेटर शाबूत राहतील, असे वचन त्याने दिलेले आहे. माहिती हलवली तर ६० कडे बोट दाखवणारा इटरेटर नष्ट झालेल्या नोडवर जाऊन पडेल. म्हणून तिथे ६० चा नोडच खालून सोडवून दुव्यांसकट ५० च्या जागी बसवतात. कोर्मेन आणि सहकाऱ्यांच्या अल्गोरिदमच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकानेही २००९ च्या तिसऱ्या आवृत्तीत माहिती हलवण्याची जुनी रीत सोडून नोड हलवण्याची रीत घेतली. तुमच्या प्रोग्राममध्ये नोडचा पत्ता दुसऱ्या कोणी धरून ठेवलेला असेल, तर तुम्हीही नोडच हलवा.