शेणकिडा आणि आकाशगंगा

२०१३ साली मारी डाके आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या शेणकिड्यांवर एक शोधनिबंध लिहिला. त्याच्या सारांशाचा आशय असा: चंद्र नसताना हे किडे ताऱ्यांच्या प्रकाशात सरळ रेषेत जातात, ढगाळ आकाशाखाली मात्र भरकटतात. माहिती सगळी आहे, पण सातवीतला मुलगा दुसऱ्या ओळीलाच पान उलटेल.

शालेय मासिकासाठी सुरुवात किड्यापासूनच करावी. ‘शेणाच्या ढिगाऱ्यावर झुंबड उडाली आहे. एकाने गोळा वळला आणि मागच्या पायांनी ढकलत तो उलटा पळत सुटला. वळून गेला तर पुन्हा ढिगाऱ्यापाशी येईल आणि कोणीतरी गोळा पळवील.’ सरळ का जायचं, हे आता वेगळं सांगावं लागत नाही.

मग प्रयोग. संशोधकांनी किड्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या घातल्या. आकाश दिसेना, तसे ते भरकटले. इथे मुलं हसतील, हसू द्यावं; पण काही किड्यांना पारदर्शक टोपी घातली होती, हे गाळू नये. ते नीट चालले, म्हणून दोष टोपीच्या ओझ्याचा नाही हे कळलं. पुढे जोहान्सबर्गच्या तारांगणात नुसती आकाशगंगा दाखवली, तरी त्यांना दिशा साधली.

रंगवण्याच्या भरात ‘किडा तारे ओळखून घरी परततो’ असं लिहिलं जातं. ते चूक आहे. तो घरी जातच नाही, फक्त ढिगाऱ्यापासून दूर जातो.