ताकीद नव्हे, निरोप : पालकांना चिठ्ठी कशी लिहावी?

कापसाच्या मुलखात दिवाळीची सुट्टी संपली की वर्गात जागा रिकाम्या दिसू लागतात. वेचणी अंगावर आलेली असते, घरात हात कमी पडतात, आणि मोठं पोर शेतावर जातं. मुख्याध्यापक एक-दोनदा तोंडी सांगतात, मग वैतागतात, आणि एक दिवस कागद ओढून लिहितात. अशी एक चिठ्ठी आपण नमुन्यादाखल घेऊ.

"सर्व पालकांना शेवटची ताकीद देण्यात येते. वारंवार सांगूनही आपण पाल्यांना शाळेत पाठवत नाही. आपणांस मुलांच्या भवितव्याची काडीचीही फिकीर दिसत नाही. हा बेजबाबदारपणाचा कळस आहे. यापुढे पाल्य गैरहजर राहिल्यास त्याचे नाव पटावरून कमी केले जाईल."

गुरुजींचा राग खोटा नाही. मुलाचं नुकसान त्यांना डोळ्यांसमोर दिसतं आहे. पण ही चिठ्ठी कुणाच्या हाती पडते ते पाहा. ती "सर्व पालकांना" आहे. म्हणजे जे रोज मूल धाडतात त्यांनाही उगाच बोलणी बसली. आणि ज्यांच्यासाठी ती लिहिली, त्यांच्या घरी कित्येकदा आजी असते, तिला वाचता येत नाही. मग चिठ्ठी वाचून कोण दाखवतं? तेच मूल. आपल्या आईबापांना बेजबाबदार म्हटलेलं ते स्वतःच्या तोंडानं आजीला ऐकवतं. नाहीतर चिठ्ठी दप्तरातच ठेवून देतं.

आता ही चिठ्ठी पुन्हा लिहायची. पहिलं काम म्हणजे शिसपेन घेऊन प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढायची आणि विचारायचं : ही घडलेली गोष्ट आहे, माझा तर्क आहे, शिवी आहे, की धमकी? "फिकीर नाही" हा तर्क झाला. फिकीर आहे की नाही हे गुरुजींनी घरात जाऊन पाहिलेलं नाही. "कळस" ही सभ्य शब्दांतली शिवी. घडलेली गोष्ट एकच उरते, मुलं शाळेत येत नाहीत. आणि तीही मोघम! कोण, किती दिवस, काही पत्ता नाही.

धमकीकडे तर नीट पाहायला हवं. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवीपर्यंतचं, पुरं होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. म्हणजे सातवीच्या मुलाचं नाव कमी करण्याची भाषा मुळातच पोकळ आहे. गावात एखादा जाणता असतोच, तो म्हणतो, "काही होत नाही रे, नुसतं लिहिलंय." असं एकदा झालं की गुरुजींच्या पुढच्या खऱ्या शब्दालाही वजन राहत नाही.

दुसरं काम हजेरीपट उघडण्याचं. समजा, सातवीच्या पटावर 34 मुलं आहेत. सुट्टीनंतर शाळा 18 दिवस भरली, आणि त्यांत 6 किंवा अधिक दिवस न आलेली मुलं निघाली 9. म्हणजे चिठ्ठी 34 घरांना नाही, 9 घरांना जायची, प्रत्येकाचा आकडा वेगळा घालून. ती फळ्यावर किंवा मोबाईलवरच्या पालकांच्या गटात नावांसकट टाकायची नाही. चारचौघांत नाव निघालं की माणूस मुलाचा विचार सोडतो आणि अब्रू सांभाळू लागतो.

तिसरं काम म्हणजे आपण नेमकं काय मागतो ते एका वाक्यात ठरवायचं. "लक्ष द्यावे" हे मागणं नव्हे. त्यानं उद्या सकाळी करायचं काय ते कळत नाही. "सोमवारपासून रोज साडेदहाला" हे मागणं झालं. त्याला जोडून शाळा काय करील आणि ऐकलं नाही तर काय होईल, तेही लिहायचं. पण जे खरोखर करता येईल तेवढंच.

आता नवी चिठ्ठी ऐका.

"आपला मुलगा सातवीत शिकतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा 18 दिवस भरली, त्यांपैकी 7 दिवस तो आला नाही. त्या दिवसांत अपूर्णांकांचा भागाकार शिकवून झाला. तो त्याचा राहिला आहे.

वेचणीचे दिवस आहेत, हे मी जाणतो. शाळा सुटल्यावर किंवा रविवारी त्याने घरच्या शेतात मदत केली, तर शाळेची हरकत नाही. शाळेच्या वेळात मात्र त्याने शाळेतच असले पाहिजे. सोमवार, दिनांक 16 डिसेंबरपासून त्याला रोज साडेदहाला पाठवावे.

राहिलेला भाग भरून काढण्यासाठी दिनांक 28 पर्यंत शाळा भरण्यापूर्वी, पावणेदहाला, जादा तास ठेवला आहे. काही अडचण असल्यास मंगळवारी व शुक्रवारी सायंकाळी 6 ते 7 मी शाळेत भेटेन. यापुढे तो सलग दोन दिवस आला नाही, तर तिसऱ्या दिवशी मी आपल्या घरी येईन.

आपला, मुख्याध्यापक."

हिच्यात एकही कडक विशेषण नाही, तरी ती पहिलीपेक्षा कडक आहे. कारण पळवाट ठेवलेली नाही. 7 दिवस हा आकडा हजेरीपटातला, त्यावर वाद नाही. "वेचणीचे दिवस आहेत" या वाक्यानं घरची अडचण मान्य केली, पण लगेच पुढं "मात्र" घालून हद्दही आखली. ती हद्द गुरुजींच्या मर्जीची नव्हे. चौदा वर्षांखालच्या मुलानं घरच्यांना मदत करावी ती शाळेच्या वेळेबाहेरच, असं कायदाही सांगतो. भेटीची वेळ सायंकाळची घातली, कारण दिवसभर शेतात असलेला माणूस दुपारी बाराला शाळेत येणार कसा? आणि "घरी येईन" ही धमकी नव्हे, वचन आहे. म्हणूनच तिसऱ्या दिवशी गुरुजींना चप्पल घालून निघावंच लागेल. नाहीतर हीही चिठ्ठी पोकळ ठरली.

राग गाळताना उलटी चूकही होते. काही जण इतके नरमतात की लिहितात, "शक्य झाल्यास पाठविण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती." पालक म्हणतो, शक्य नाही झालं. विषय संपला! तेव्हा "शक्य झाल्यास" आणि "जमल्यास" हे शब्द मागणीच्या वाक्यात येऊ द्यायचे नाहीत. सौम्यपणा माणसाला हाक मारण्यात असावा, मागण्यात नको.

चिठ्ठी धाडण्यापूर्वी एक कसोटी घ्यावी. शाळेतल्या मदतनीस बाईंना किंवा चौथी शिकलेल्या कुणाला ती एकदाच वाचून दाखवा आणि विचारा, "यात काय करायला सांगितलंय?" उत्तर आलं, "गुरुजी लई रागावलेत," तर चिठ्ठी पुन्हा लिहायची. उत्तर आलं, "सोमवारपासून साडेदहाला पोरगं धाडायचं," तर ती पोचली.

चिठ्ठीनं सगळंच होतं असं नाही. आईबाप ऊसतोडीला परमुलखी गेलेले असतील, तर आजीला दहा चिठ्ठ्या धाडून काय उपयोग? तिथं शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घ्यावा, मुलाच्या राहण्या-जेवणाची सोय पाहावी. आणि ज्या घरी वाचणारं कुणी नाही, तिथं चिठ्ठी खिशात ठेवून स्वतः जावं, आणि तीच वाक्यं त्याच क्रमानं तोंडानं सांगावीत.