‘फक्त १ मिनिट’ लिहिता, मग आत १४ प्रश्न कसे?

समजा, गावातल्या दूध संकलन केंद्राला संध्याकाळची वेळ ६ वरून ७ करायची का, हे उत्पादकांना विचारायचंय. व्हॉट्सॲपवर मेसेज जातो: ‘फक्त १ मिनिट द्या, आकर्षक बक्षीस मिळवा!’ आत १४ प्रश्न. लोक अर्ध्यावरच फॉर्म सोडतात. काहींना बक्षीस म्हटलं की फसवणुकीची लिंक वाटते, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

वेळ अंदाजाने लिहू नये. आधी चार-पाच उत्पादकांना त्यांच्याच मोबाइलवर फॉर्म भरायला द्यावा आणि घड्याळ लावावं. सगळ्यात सावकाश भरणाऱ्याला ६ मिनिटं लागली, तर ६ च लिहावीत. जास्त वाटतात? मग प्रश्न कमी करा. शिक्षण किती, शेती किती, हे वेळ ठरवायला कशाला हवं? असे प्रश्न काढून पुन्हा मोजावं.

सात प्रश्न उरले, ३ मिनिटं लागली, तर मेसेज असा:

‘संध्याकाळचं दूध ६ ऐवजी ७ वाजता घ्यावं का, हे ठरवायचंय. ७ प्रश्न, साधारण ३ मिनिटं. बक्षीस नाही. वेळ बदलेलच असं नाही, पण जो निर्णय होईल तो २० तारखेला केंद्राच्या बोर्डावर लावू. बँक खातं, ओटीपी विचारणार नाही. शंका असल्यास केंद्रावर येऊन विचारा.’

दर वाढवणं केंद्राच्या हातात नसेल, तर दराचा शब्दही यात नको.