३एक्सचा फोटो, दोन कॅमेऱ्यांची शिवण

पिक्सेल ७ प्रो (२०२२) मध्ये मुख्य कॅमेरा १एक्सचा आणि टेलिफोटो थेट ५एक्सचा. मग ३एक्सवर फोटो काढतो कोण? दोघंही!

मुख्य कॅमेऱ्याच्या ५० मेगापिक्सेलपैकी ३एक्सच्या चौकटीत जेमतेम साडेपाच उरतात. त्याच वेळी टेलिफोटोही एक फोटो घेतो, पण त्याची नजर अरुंद. त्या चौकटीची मधली ६० टक्के रुंदी, म्हणजे क्षेत्रफळाने ३६ टक्के भागच त्याला दिसतो. सॉफ्टवेअर दोन्ही फोटो एकमेकांवर जुळवतं, रंग-उजेड सारखा करतं आणि टेलिफोटोचे बारकावे मध्यभागी भरतं. कडेचा भाग मुख्य कॅमेऱ्याचाच राहतो.

शिवण दिसते ती इथेच. गवत, विटांची भिंत किंवा दाट पानांचं झाड ३एक्सवर टिपा आणि झूम करून मधून कडेकडे सरका. एके ठिकाणी पानांच्या शिरा अचानक पुसट होतात. चेहरा मध्यभागी असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही, पण ग्रुप फोटोत कडेला उभ्या काकांवर अन्यायच!

जवळच्या वस्तूंची अडचण वेगळी. दोन भिंगं शेजारी-शेजारी असल्याने जवळची फांदी दोघांना मागच्या भिंतीच्या वेगवेगळ्या भागावर दिसते. जुळवणी फसली की कडांना दुहेरी रेघ येते. जुळत नाही असं सॉफ्टवेअरच्या लक्षात आलं, तर तेवढा भाग मुख्य कॅमेऱ्याचाच ठेवला जातो, म्हणून मध्यभागीही मऊ ठिगळ दिसू शकतं. हलत्या पानांचंही तेच.

खात्री करायचीय? टेलिफोटोच्या भिंगावर बोट ठेवून तोच फोटो पुन्हा काढा आणि दोन्हींचा मधला भाग ताडून पाहा.