‘वी शेफ’ म्हणजे काय कबूल केलं?

चार जणांच्या टेबलावर दोघांनी मासा मागवला, दोघांनी कोकराचं मांस. चारही प्लेटा एकाच वेळी आणि गरम समोर यायला हव्यात. मासा तव्यावर आठ मिनिटांत होतो. कोकराच्या बरगड्यांचा तुकडा भट्टीत वीसएक मिनिटं भाजावा लागतो आणि नंतर दहा मिनिटं तसाच ठेवावा लागतो, नाहीतर कापताना रस वाहून जातो. शिवाय ही दोन कामं वेगवेगळी माणसं करतात, वेगवेगळ्या शेगड्यांवर, एकमेकांकडे पाठ करून.

कामाची ही वाटणी ओग्यूस्त एस्कोफिए यांनी पक्की केली. 1870च्या युद्धात त्यांनी फ्रेंच सैन्यासाठी स्वयंपाक केला होता. पुढे 1890 पासून लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात त्यांनी भटारखान्याची विभागणी लष्करी तुकडीसारखी केली. सॉस एकाकडे, भाजणं दुसऱ्याकडे, मासा तिसऱ्याकडे, आणि प्रत्येकाच्या हाताखाली कॉमी, म्हणजे शिकाऊ आचारी. या सगळ्यांना बांधून ठेवतो तो प्लेटा बाहेर जातात त्या कट्ट्यावर उभा असलेल्या शेफचा आवाज. त्या आवाजाला प्रत्येक विभागातून उत्तर येतं, ‘वी शेफ!’ बाहेरच्याला ही नुसती आज्ञाधारकता वाटते.

समजा, ल्यों शहरातल्या अशाच एका भटारखान्यात एक विशीतला कॉमी माशाच्या विभागात नवा लागला आहे. तिथला मासा म्हणजे सोल, आपल्या लेपीसारखा चपटा. त्याची पद्धत सोपी, पण वेळ चुकवून चालत नाही. कातडी काढलेला मासा कोरडा पुसायचा, पिठात घोळवून लगेच गरम लोण्यात सोडायचा आणि दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटं परतायचा. पीठ आधीच लावून ठेवलं तर ते ओलं होऊन चिकट होतं. तयार मासा ताटकळला तर वरचा कुरकुरीतपणा जातो. म्हणजे सोल आधी करून ठेवता येत नाही आणि उशिरा सुरू केलेलाही चालत नाही.

रात्री नऊच्या गर्दीत शेफ पुकारतो, ‘टेबल आठ, दोन सोल, दोन कोकरू, करायला घ्या!’ कॉमीच्या तव्यात तेव्हा टेबल तीनचे दोन सोल आहेत. त्याच्या कानावर फक्त ‘दोन सोल’ पडतं. शेफ तव्यातल्याच माशांबद्दल बोलतोय असं त्याला वाटतं आणि तो खणखणीत ‘वी शेफ’ म्हणतो. खोटं बोलण्याचा त्याचा हेतू मुळीच नाही. पण भाजणाऱ्याने ते उत्तर ऐकलं आहे आणि त्याच भरवशावर तो आपलं घड्याळ लावतो. आठ मिनिटांनी तो कोकरू कापून प्लेटेत मांडतो, सॉस वाढला जातो, आणि टेबल आठचे सोल मात्र अजून बर्फावरच आहेत.

आता खरं नुकसान सुरू होतं. कापलेलं मांस आठ मिनिटं थांबू शकत नाही. त्याचा रस प्लेटभर पसरतो, गुलाबी रंग करडा होतो, सॉसवर साय धरते. नवा तुकडा भाजायला अर्धा तास हवा, म्हणून शेफ टेबल अकरासाठी ठेवलेला तुकडा इकडे वळवतो. मग टेबल अकरा खोळंबतं, त्यामागून चौदा.

काम आवरल्यावर शेफ त्याला एवढंच सांगतो, की नुसत्या होकाराचा मला उपयोग नाही. तू काय ऐकलंस ते मला ऐकव. दुसऱ्या दिवसापासून त्याचं उत्तर लांबतं: ‘वी शेफ, टेबल आठ, दोन सोल, आठ मिनिटं.’ टेबल चुकीचं ऐकलं असेल तर शेफ तिथल्या तिथे दुरुस्त करतो. मिनिटं कळली की भाजणाऱ्याला सुरी कधी उचलायची ते कळतं. मुरलेल्या शेफला धोक्याची खूण आधीच ऐकू येते. हाक पुरी होण्याआधी आलेला होकार किंवा आकडा नसलेला होकार ऐकला, की तो पुन्हा विचारतो. एखाद्या विभागातून आवाजच आला नाही, तर पुढची ऑर्डर पुकारत नाही.

या शिस्तीची काळी बाजूही आहे. जिथे शिव्या आणि मारहाण चालते, तिथे शिकाऊ पोरगा भीतीपोटी कशालाही हो म्हणतो. फ्रान्समधल्या नामवंत शेफनी 2014 मध्ये भटारखान्यातल्या हिंसेविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. माणुसकीसाठी ती हवीच होती, पण कामाच्या दृष्टीनेही माझ्या मते भेदरलेला होकार हा सगळ्यात निरुपयोगी निरोप आहे. अडचण आहे हे सांगायची मोकळीक नसेल, तर होकारावर कुणी विसंबायचं?

काही आठवड्यांनी त्याच कॉमीच्या हातून सोल उलटताना तव्याला चिकटून फाटतो. तो लगेच ओरडतो, ‘शेफ, टेबल सहाचा एक सोल गेला, नवा लावतोय, आठ मिनिटं!’ शेफ त्याच दमात भाजणाऱ्याला सांगतो, ‘सहाचं कोकरू कापू नकोस.’ न कापलेला तुकडा उबेला ठेवला तर तेवढा वेळ सहज तग धरतो. पलीकडून उत्तर येतं, ‘वी शेफ, सहा, थांबवलं, आठ मिनिटं.’