मागे किती महिने पाहायचे?

व्याजदर आणि महागाई यांचे नाते व्हीएआरने मोजायला लागून चार दशके उलटली. 1980 साली ख्रिस्तोफर सिम्स यांनी ही पद्धत अर्थशास्त्रात रुजवली आणि 2011 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. तो इतिहास वाचकांना ठाऊक आहे. मला लिहायचे आहे ते लॅगबद्दल, म्हणजे प्रत्येक समीकरणात मागचे किती महिने घ्यायचे याबद्दल. हल्ली हा निर्णय सॉफ्टवेअरवर सोपवतात. श्वार्झ निकषाने ‘दोन’ म्हटले की दोन, आणि पुढच्याच पानावर धक्क्याचे आलेख! भारतीय मासिक आकडेवारीत ही सवय घातक आहे, असे माझे ठाम मत आहे.

श्वार्झचा आग्रह कुठून येतो ते पाहू. पतधोरण समितीची पहिली बैठक ऑक्टोबर 2016 मध्ये झाली. तिथपासून सप्टेंबर 2024 पर्यंतचे 96 महिने घेतले. औद्योगिक उत्पादन, अन्नधान्याच्या किमती, महागाई आणि कॉल मनी दर ही चार चले धरली. (रेपो दर कित्येक महिने हलतच नाही, म्हणून कॉल मनी दर बरा.) बारा लॅग घ्यायचे तर पहिले बारा महिने खर्ची पडतात आणि 84 उरतात. प्रत्येक समीकरणात 49 गुणक बसतात, दोन लॅगला मात्र नऊच. प्रत्येक जादा गुणकासाठी आकाइके निकष 2 इतका दंड लावतो, श्वार्झ 84 च्या नैसर्गिक लॉगॅरिथमइतका, म्हणजे सुमारे 4.4. त्यामुळे श्वार्झ आखूड लॅगकडे झुकणारच. शिवाय दोन लॅगचे मॉडेल 94 महिन्यांवर आणि बारांचे 84 वर बसवून निकष ताडले, तर ती तुलनाच फुकट जाते. दोन्हींना तेच 84 महिने द्यायला हवेत.

आता आखूड लॅगने काय बिघडते ते बघा. आपण ज्याला महागाई दर म्हणतो, ती गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी केलेली तुलना असते. जुलै 2023 मध्ये टोमॅटो आणि भाज्या भडकल्या आणि जूनचा 4.87 टक्के दर 7.44 वर गेला. वर्षभराने, जुलै 2024 मध्ये, तो जूनच्या सुमारे 5.1 वरून 3.6 पर्यंत उतरला. या सगळ्या काळात रेपो 6.50 टक्क्यांवर स्थिर होता. उतरण्याचे मोठे कारण म्हणजे आदल्या जुलैचा उंच पाया. दोन लॅगच्या मॉडेलला बारा महिन्यांपूर्वीचा तो जुलै दिसतच नाही. त्याच्या लेखी धक्का हळूहळू विरत जातो. वर्षाने येणारी ही घसरण मग अवशेषांत साचते, आणि अवशेषांचा स्वसंबंध तपासला तर बाराव्या महिन्यापाशी ती उघड होते. ही तपासणी आधी करावी, निकषाचा तक्ता नंतर पाहावा. जुने अभ्यासक अवशेषांचा आलेख छापत असत, आता तो परिशिष्टातही सापडत नाही.

यावर हमखास आक्षेप येतो की 84 महिन्यांत 49 गुणक बसवले, तर पट्टे इतके रुंद होतील की काहीच सांगता येणार नाही. आक्षेप खरा आहे. पण आखूड लॅगचा अरुंद पट्टा ही चुकीच्या उत्तराभोवतीची खात्री असते, रुंद पट्टा निदान अज्ञान लपवत नाही. आणि मार्गही आहेत. हंगाम काढून टाकलेली महिन्यागणिक वाढ वापरली की वर्षाच्या तुलनेने आणलेला बारावा महिना निघून जातो आणि कमी लॅगवर भागू शकते. किंवा बारा लॅग ठेवून, लिटरमन यांनी सुचवल्याप्रमाणे, दूरच्या महिन्यांचे गुणक शून्याकडे ओढावेत.

प्रतिसाद वाचतानाही घाई नडते. दर वाढल्यावर महागाई आधी चढते, असा आलेख पुष्कळदा येतो. त्यावरून ‘व्याज वाढवल्यानेच भाव वाढतात’ असा निष्कर्ष काढणारे कमी नाहीत. समजा, धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीपासून विदर्भापर्यंत ऑगस्टात पावसाने दडी मारली. तुरीची काढणी डिसेंबर-जानेवारीत होते, पण टंचाईची चाहूल बाजाराला आणि रिझर्व्ह बँकेला आधीच लागते. बँकेने भाववाढ ओळखून दर वाढवला आणि भाव नंतर चढले, तर पाऊस न जाणणारे मॉडेल तो दोष व्याजदरावर टाकते. 2012 पायाच्या निर्देशांकात अन्न व पेयांचा वाटा सुमारे 46 टक्के आहे, म्हणून अन्नाच्या किमती आणि पाऊस बाहेर ठेवून हे कोडे सुटत नाही. दुसरी गफलत अशी की वार्षिक दराचा प्रतिसाद शून्यावर आला की परिणाम संपला असे समजतात. प्रत्यक्षात किमतींची पातळी कायमची खाली राहिलेली असू शकते. ते पाहायला महिन्यागणिक वाढीच्या प्रतिसादांची बेरीज करावी लागते.

तेव्हा असा आलेख हाती आला, तर आधी लॅग किती आणि तो कशाच्या आधारावर ठरवला हे विचारा. उत्तर फक्त ‘निकषाने सांगितले’ एवढेच असेल, तर त्या आलेखावरून पतधोरणाबद्दल मत बनवू नका.